प्रातिनिधिक दायित्व : नोकराची चूक, मालकाची भरपाई

स्वतःचा काहीही दोष नसताना दुसऱ्याच्या हातून घडलेल्या अपकृत्याची, म्हणजे कोणाचे नुकसान करणाऱ्या बेकायदा चुकीची, भरपाई देण्याची कायदेशीर जबाबदारी म्हणजे प्रातिनिधिक दायित्व. वकील मंडळी बोलताना सर्रास ‘व्हायकेरिअस लायबिलिटी’च म्हणतात. मालक आणि नोकर हे तिचे सर्वांत जुने आणि आजही सर्वाधिक भांडले जाणारे क्षेत्र. मालकाला जबाबदार धरायचे तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. नोकराच्या हातून खरोखर अपकृत्य घडलेले असावे, तो स्वतंत्र ठेकेदार नसून नोकर असावा आणि ती चूक कामाच्या ओघात झालेली असावी. मालकाने माणूस नीट पारखून ठेवला होता, त्याला सक्त ताकीद दिली होती, हा इथे बचाव होत नाही. नालायक माणूस कामावर ठेवणे ही मालकाची स्वतःची हयगय झाली, आणि तिचा दावा वेगळा.

भारतात या तत्त्वाचा एकत्रित कायदा नाही. ते इंग्लंडच्या न्यायालयांतून आले आणि आपल्याकडे निकालांमधून वाढले. व्यवहारात त्याची कसोटी बहुतेक वेळा मोटार अपघाताच्या दाव्यांतच लागते.

पुण्यात हा विषय समजून घ्यायला भाड्याची बस हे फार चांगले उदाहरण आहे. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या शहर बससेवांच्या विलीनीकरणातून 2007 मध्ये पीएमपीएमएल ही परिवहन संस्था उभी राहिली. तिच्या ताफ्यात स्वतःच्या गाड्यांबरोबर ठेकेदारांच्याही गाड्या असतात. अशा गाडीवर चालक ठेकेदाराचा असतो, वाहक मात्र संस्थेचा. मार्ग, वेळापत्रक आणि थांबे संस्था ठरवते, तिकिटाचे पैसे तिच्याकडे जातात आणि ठेकेदाराला किलोमीटरच्या हिशेबाने मोबदला मिळतो. प्रवाशाला यातले काही दिसत नाही, आणि दिसायचे कारणही नाही.

समजा, अशी एक बस स्वारगेटहून कात्रजकडे निघाली आहे. सातारा रस्त्यावर पद्मावतीजवळ थांब्याकडे वळताना चालकाने डावा आरसा पाहिला नाही आणि शेजारून चाललेल्या दुचाकीला धक्का बसला. दुचाकीस्वाराचा पाय मोडला, सहा महिने काम बुडाले. त्याने शिवाजीनगरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज केला. चालक, ठेकेदार, परिवहन संस्था आणि विमा कंपनी असे चार जाबदार. म्हणणे दाखल करायची वेळ आली की प्रत्येकाचे बोट शेजाऱ्याकडे वळते. संस्था म्हणते, चालकाचा पगार आम्ही देत नाही. ठेकेदार म्हणतो, गाडी त्यांच्या हुकमावर धावत होती. विमा कंपनी सांगते की पॉलिसी ठेकेदाराच्या नावावर आहे, गाडी ताब्यात होती भलत्याच्या, तेव्हा आम्ही मोकळे.

या त्रांगड्यावर सर्वोच्च न्यायालयाचा 1997 चा निकाल आहे, राजस्थान राज्य परिवहन महामंडळ विरुद्ध कैलाशनाथ कोठारी. तिथेही बस खाजगी मालकाची, चालक त्याच्याच पगारावरचा, वाहक महामंडळाचा, आणि चालकाने वाहकाच्या सूचना पाळायच्या असे करारातच होते. न्यायालय म्हणाले, ज्याला नोकरीवर ठेवण्याचा आणि काढण्याचा अधिकार तोच मालक, हे गृहीतक खरे. पण ते खोडून काढता येते. नोकर उसना देताना त्याच्यावरचे प्रत्यक्ष नियंत्रणही भाड्याने घेणाऱ्याकडे गेले असेल, तर पगार कोणीही देवो, त्या कामापुरता मालक भाड्याने घेणाराच. महामंडळ जबाबदार ठरले. 2011 मध्ये उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळ विरुद्ध कुलसुम या प्रकरणात विमा कंपनीची वाटही बंद झाली. गाडी भाड्याने गेली तरी तिच्यासोबत तिचा तृतीयपक्ष विमाही जातो, म्हणून भरपाई कंपनीनेच द्यायची, असे ठरले.

आता संस्था आणि ठेकेदार यांच्या करारात ‘अपघाताची सर्व जबाबदारी ठेकेदाराची’ असे एक कलम हमखास असते. ते दोघांपुरते खरे आहे. संस्थेला भरपाई द्यावी लागली तर ती ठेकेदाराच्या बिलातून वळती करून घेईल. पण पाय मोडलेला माणूस त्या करारात पक्षकार नव्हता, त्याला ते कलम दाखवून परत पाठवता येत नाही. जाबदारांना संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे जबाबदार धरले, तर तो पूर्ण रक्कम त्यांच्यापैकी कोणाही एकाकडून वसूल करू शकतो. आपापसातला हिशेब त्यांनी नंतर करावा.

वरच्या प्रसंगात कामाच्या ओघाबद्दल शंकाच नाही, कारण चालक नेमके नेमून दिलेलेच काम करत होता. फक्त वाईट केले. आता तपशील थोडे बदलून पाहू. चालक पुढच्या गाडीशी शर्यत लावत होता आणि संस्थेने शर्यतीला लेखी मनाई केलेली होती. तरी मालक सुटत नाही. लंडनच्या घोड्यांच्या बसगाड्यांबाबत 1862 मध्येच लिंपस खटल्यात हे ठरले. मनाई काम करण्याच्या पद्धतीला होती, कामाला नव्हती. उलट, चालक चहाला गेला असताना वाहकाने स्वतः स्टिअरिंग हातात घेऊन गाडी वळवायला काढली, तर चित्र पालटते. गाडी चालवणे हे वाहकाचे कामच नाही. 1900 च्या बिअर्ड खटल्यात याच कारणाने बस कंपनी सुटली. (चालकाने गाडी अशी वाऱ्यावर सोडणे हीच हयगय, असे म्हणून दावा पुन्हा उभा करता येतो. चतुर वकील तेच करतो.)

तिसरा बदल सर्वांत अवघड. पाळी संपल्यावर गाडी डेपोत न नेता चालक ती धनकवडीत घरी जेवायला घेऊन गेला आणि गल्लीत अपघात झाला. वाटेत जरा वाकडी वाट केली, एवढ्याने मालकाची सुटका होत नाही. पण नोकर स्वतःच्याच कामासाठी वेगळ्याच प्रवासाला निघाला असेल, तर होते. ही रेघ 1834 च्या जोएल विरुद्ध मॉरिसन खटल्यापासून ओढली जाते आहे आणि अजून सरळ आलेली नाही. किती अंतर, किती वेळ, डेपोच्या दिशेने की उलट, परतीचा प्रवास सुरू झाला होता का, हे सगळे पाहावे लागते. म्हणून अशा दाव्यात साक्षीदारांपेक्षा कागद बोलतात. त्या दिवसाचा ड्युटी चार्ट, वाहकाचे तिकिटांच्या हिशेबाचे वे-बिल, गाडीच्या जीपीएसची नोंद आणि डेपोच्या गेटवरचे आत-बाहेरचे रजिस्टर हाती आले की वाद निम्मा संपतो.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवले की ही रेघ कुठे पडते त्याचा अंदाज येतो. सीताराम मोतीलाल कलाल प्रकरणात (1966) मालकाने मोटार टॅक्सी म्हणून चालवायला एकाकडे सोपवली होती. त्याचा क्लीनर परवान्यासाठी वाहनचाचणी द्यायला तीच गाडी घेऊन गेला आणि चाचणी चालू असताना अपघात झाला. क्लीनरला परवाना मिळवून देणे हा काही मालकाचा धंदा नव्हता, म्हणून बहुमताने मालक सुटला. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत मात्र वेगळे पडले. पुष्पाबाई उदेशी प्रकरण (1977) आपल्या जवळचे. नागपूरहून पांढुर्ण्याला कंपनीच्या कामाला निघालेल्या व्यवस्थापकाने एका ओळखीच्या गृहस्थाला गाडीत घेतले. गाडी झाडावर आदळली आणि ते गृहस्थ गेले. उच्च न्यायालयाने कंपनीला सोडले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. प्रवास कंपनीच्या कामाचा होता, चूक त्या प्रवासात झाली, मग सोबत कोण बसले होते याने फरक पडत नाही. माझ्या मते या दोन निकालांत विरोध नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच होता : त्या क्षणी गाडी कोणाच्या कामासाठी धावत होती?

नोकर हा शिक्का असला म्हणजे झाले असेही नाही, हे स्टेट बँक विरुद्ध श्यामादेवी (1978) मध्ये दिसते. बँकेतल्या ओळखीच्या कर्मचाऱ्याकडे खातेदार बाईंच्या पतीने विश्वासाने पैसे दिले आणि ते त्याने हडप केले. पैसे घेताना तो बँकेचे काम करत नव्हता, घरोब्यातल्या माणसाचे काम करत होता, म्हणून बँकेवर बोजा आला नाही.

स्वतंत्र ठेकेदाराच्या बाबतीत मूळ नियमच उलटा आहे. त्याच्या चुकीला काम देणारा जबाबदार नसतो. सदाशिव पेठेतल्या एखाद्या सोसायटीने इमारत रंगवायला दिली, ठेकेदाराने स्वतःची परांची, स्वतःची माणसे आणली, ठरलेल्या रकमेत काम उरकायचे कबूल केले, आणि त्याच्या माणसाच्या हातून डबा निसटून खालच्या मोटारीची काच फुटली, तर भरपाई ठेकेदाराने द्यायची. काय करायचे ते सोसायटीने सांगितले होते; कसे करायचे ते त्याचे तो ठरवत होता. नियंत्रणाची ही कसोटी धरांगध्रा केमिकल वर्क्स प्रकरणात (1956) मिठागरातल्या आगरियांना लावली गेली आणि ते कामगार ठरले. पुढे 1973 मध्ये सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या शिंप्यांबाबत न्यायालयाने सांगितले की नियंत्रण ही एकमेव कसोटी नाही. शिंपी नगावर पैसे घेत, वेळेचे बंधन सैल होते. पण शिलाई मशिने दुकानाची होती आणि काम नापसंत पडले तर परत करायला लावण्याचा हक्क मालकाकडे होता. म्हणून तेही कामगारच. हे निकाल कामगार कायद्यांखालचे आहेत, तरी नोकर कोण हे ठरवताना अपकृत्याच्या दाव्यांतही त्यांचाच आधार घेतला जातो. करारावर ‘ठेकेदार’ किंवा ‘पार्टनर’ लिहिले म्हणून न्यायालय तेवढ्यावर थांबत नाही. ॲपवरून जेवण पोहोचवणाऱ्या मुलांबाबत खरा वाद इथेच आहे. दुचाकी त्यांची, पण दर, मार्ग आणि खाते बंद करण्याची ताकद कंपनीची.

ठेकेदार खरोखर स्वतंत्र असला तरी काही कर्तव्ये अशी आहेत की ती सोपवून हात झटकता येत नाहीत. वडोदऱ्याच्या सूरसागर तलावात 1993 मध्ये बोट उलटून 22 जण बुडाले. बोटी चालवण्याचा ठेका महापालिकेने दिलेला होता आणि बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरली होती. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेचा ‘ठेकेदाराची चूक’ हा बचाव मान्य केला नाही, कारण देखरेखीचे कर्तव्य तिचे स्वतःचे होते. काम मुळातच धोक्याचे असेल, काम देणाऱ्यानेच बेकायदा गोष्ट करायला सांगितली असेल, किंवा ठेकेदार असून साइटवर रोज काम देणाऱ्याचाच माणूस हुकूम सोडत असेल, तेव्हाही हाच परिणाम होतो. काटेकोर बोलायचे तर यातली बरीचशी प्रकरणे प्रातिनिधिक दायित्वाची नाहीत, स्वतःच्या कर्तव्यभंगाची आहेत. अर्ज लिहिताना मात्र दोन्ही मुद्दे एकत्रच मांडतात.

ठेकेदाराचाच कामगार जखमी झाला तर मार्ग वेगळा आहे. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या कलम 12 ने मूळ मालकाने आपल्या धंद्याचा भाग असलेले काम ठेक्याने दिले असेल, तर भरपाईची मागणी थेट त्याच्याकडेच करण्याची मुभा दिली, आणि दिलेली रक्कम ठेकेदाराकडून वसूल करण्याचा हक्क मालकाला ठेवला. इथे कोणाची हयगय होती हे सिद्ध करावे लागत नाही. सोसायटीच्या रंगकामात मात्र ही तरतूद सहसा लागू पडत नाही, कारण इमारती रंगवणे हा सोसायटीचा धंदा नव्हे.