अचानक शहर बदललं आणि परीक्षेचं सेंटर मात्र जुन्याच शहरात? मग हे आधी वाचा

आमच्याकडे फॉर्म भरायला येणाऱ्यांमध्ये नोकरी करता करता डिस्टन्सने शिकणारे बरेच जण असतात, त्यामुळे हा प्रश्न प्रत्येक परीक्षेच्या आधी येतोच येतो. परीक्षा फॉर्म भरून झालेला असतो, सेंटर निवडलेलं असतं, आणि मग बदलीची ऑर्डर येते किंवा घरातल्या कुणाच्या तरी आजारपणामुळे सामान हलवावं लागतं. आता सेंटर बदलून मिळेल का? बऱ्याचदा मिळतं, पण ते कधी मागताय आणि कसं मागताय यावर सगळं आहे, म्हणून हे पत्रक.

पहिलं म्हणजे तुम्हाला नक्की काय बदलायचंय ते ठरवा, कारण इथेच अर्ध्या लोकांचा घोळ होतो. प्रोफाइलमधला पत्ता बदलणं ही एक गोष्ट, अभ्यास केंद्र बदलणं ही दुसरी आणि परीक्षा केंद्र बदलणं ही तिसरी. पोर्टलवर नवीन पत्ता टाकला की सेंटर आपोआप बदलेल असं समजून लोक निवांत बसतात, आणि हॉल तिकीट हातात येतं तेव्हा त्यावर जुनंच सेंटर छापलेलं असतं. पत्ता बदलल्याने फक्त तुमचा पत्रव्यवहार नवीन जागी येतो. अभ्यास केंद्र बदलणं म्हणजे तुमची फाइल, असाइनमेंटचे मार्क, प्रॅक्टिकल हे सगळं दुसरीकडे हलवायचं, त्याला बराच वेळ लागतो आणि परीक्षा तोंडावर असताना ते मागूच नका. तुम्हाला हवंय ते फक्त या सत्रापुरतं लेखी परीक्षेचं केंद्र, आणि अर्जात हे असंच, याच शब्दांत लिहायचं. 'माझं सेंटर ट्रान्सफर करा' एवढंच लिहिलंत तर तो अर्ज भलत्याच टेबलावर जाऊन पडून राहण्याची शक्यता जास्त.

आता वेळेचं. परीक्षा विभाग मुद्दाम नाही म्हणतो असं लोकांना वाटतं, पण आतली कामं कशी चालतात ते बघितलं तर कळेल. फॉर्मची मुदत संपली की कोणत्या केंद्रावर कोणत्या पेपरला किती मुलं आहेत याचा आकडा काढतात, त्यावरून बैठक व्यवस्था ठरते, सुपरवायझर ठरतात, आणि कागदावर परीक्षा असेल तर त्याच आकड्यावर प्रश्नपत्रिकांची सीलबंद पाकिटं तयार होतात. पाकिटात थोड्या जादा प्रती असतात पण त्या फाटलेल्या, खराब छापलेल्या प्रतींसाठी. एकदा पाकिटं बंद झाली की तुमचं नाव एका केंद्रावरून काढून दुसऱ्यावर टाकणं म्हणजे दोन याद्या, दोन हजेरीपट आणि दोन पाकिटं बदलणं. म्हणून हॉल तिकीट निघायच्या आधीचा अर्ज आणि नंतरचा अर्ज यात खूप फरक पडतो. करेक्शन विंडो चालू असेल तर अर्जबिर्ज काही नाही, लॉगिन करून स्वतःच सेंटर बदला, फी असेल तर भरा आणि बदललेल्या फॉर्मची प्रिंट काढून ठेवा. विंडो बंद झाली असेल तर अर्ज, आणि तो बदलीची ऑर्डर हातात पडली त्याच आठवड्यात करा, नवीन घर लागू दे मग बघू असं करत बसू नका.

अर्जात सगळ्यात जास्त मेहनत नवीन केंद्र शोधण्यावर घ्या. नुसतं शहराचं नाव लिहून चालत नाही. परीक्षा विभागाने या सत्राची केंद्रांची यादी काढलेली असते, तीच उघडा, मागच्या सत्राची नको कारण केंद्रं बदलत राहतात. त्या यादीत केंद्राचा कोड असतो आणि बऱ्याचदा तिथे कोणते कोर्स, कोणतं माध्यम चालतं तेही असतं. तुमचा कोर्स त्या केंद्रावर नसेल तर तुमच्या पेपरचं पाकीट तिथे येणारच नाही, मग घरापासून ते चालत पाच मिनिटांवर असलं तरी काय उपयोग. आमचं म्हणणं असं की एकाऐवजी तीन कोड पसंतीक्रमाने द्या, म्हणजे पहिलं केंद्र भरलेलं असलं तर अर्ज परत पाठवायच्या ऐवजी टेबलावरचा माणूस तिथल्या तिथे दुसरं टाकू शकतो.

पुरावा. इथे एकच गोष्ट बघितली जाते, शहर बदललं ते फॉर्म भरल्याच्या नंतर बदललं का. म्हणून कागदावरची तारीख महत्त्वाची. बदलीची ऑर्डर, नवीन ठिकाणी रुजू झाल्याचं पत्र, नोकरी नवीन असेल तर जॉइनिंग लेटर, हे सगळ्यात चांगलं चालतं. भाडेकरार जोडायचा तर जोडा पण तो एकटा कमी पडतो, कारण त्यातून का हलावं लागलं ते कळत नाही. नवरा-बायकोपैकी एकाची बदली झाली आणि परीक्षा दुसऱ्याची असेल तर बदलीच्या ऑर्डरसोबत नात्याचा पुरावा लागतो, हा कागद जवळजवळ सगळेच विसरतात. आजारपणासाठी हललात तर हॉस्पिटलच्या लेटरहेडवर उपचार किती काळ चालणार ते लिहून घ्या, नुसत्या औषधाच्या चिठ्ठीने भागत नाही. आणि ओळखपत्रावर जुनाच पत्ता आहे म्हणून घाबरू नका, ओळखपत्र तुमची ओळख सांगतं, हलण्याचं कारण ऑर्डर सांगते.

आता एक केस सांगतो, नाव सांगत नाही. एक ताई, नोकरी करून पदवीचं शेवटचं वर्ष करत होत्या, चार लेखी पेपर आणि एक कॉम्प्युटरचं प्रॅक्टिकल. फॉर्म भरल्यावर दोन आठवड्यांनी बदली झाली. त्यांनी घाईघाईत ऑफिसच्या ईमेलवरून लिहिलं, 'सर माझी अर्जंट बदली झालीये, प्लीज सेंटर चेंज करून द्या, खूप टेन्शनमध्ये आहे.' उत्तर म्हणून फक्त तक्रार मिळाल्याचा ठरलेला मेल आला, पुढे काहीच नाही. होणार तरी कसं, मेल रजिस्टर्ड आयडीवरून नव्हता, नोंदणी क्रमांक नव्हता, कोणतं केंद्र हवंय ते नव्हतं, कोणाची फाइल उघडायची हेच समोरच्याला कळायला मार्ग नाही. मग आमच्याकडे आल्या. यादी बघितली तर नवीन शहरात तीन केंद्रं होती आणि त्यांच्या घराजवळच्या केंद्रावर त्यांचा कोर्सच नव्हता. उरलेल्या दोघांचे कोड घेतले, तिसरा पर्याय म्हणून शेजारच्या शहरातलं एक केंद्र टाकलं, आणि रजिस्टर्ड ईमेलवरून असा अर्ज गेला:

प्रति, परीक्षा नियंत्रक
विषय: चालू सत्राच्या लेखी परीक्षेसाठी केंद्र बदलून मिळण्याबाबत, नोंदणी क्रमांक (…), कोर्स (…)

महोदय,
मी या सत्राचा परीक्षा फॉर्म (तारीख) रोजी भरला असून त्यात केंद्र कोड (…) निवडला आहे. त्यानंतर (तारीख) च्या आदेशाने माझी (शहर) येथे बदली झाली असून मी (तारीख) रोजी तिथे रुजू झाले आहे. त्यामुळे खालील चार लेखी पेपरसाठी मला पसंतीक्रमाने (कोड), (कोड) किंवा (कोड) यापैकी एक केंद्र मिळावे ही विनंती. पेपरचे कोड: (…). प्रॅक्टिकल मी मूळ केंद्रावरच देईन. निर्णय माझ्या रजिस्टर्ड ईमेलवर लेखी कळवावा.
सोबत: परीक्षा फॉर्मची प्रत, फी पावती, बदली आदेश, रुजू झाल्याचे पत्र, ओळखपत्र.

बस एवढाच, एक पानाच्या आत. त्रास किती होतोय, घरची परिस्थिती काय आहे, हे त्यात नाही कारण निर्णय तारखांवर आणि कोडवर होतो. सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये, ह्याच क्रमाने, आणि फाइलच्या नावात नोंदणी क्रमांक. ईमेलसोबत एक प्रत परीक्षा विभागाच्या आवक खिडकीवर जुन्या शहरातल्या त्यांच्या भावाने नेऊन दिली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. हा आवक क्रमांक फार कामाचा, फोन केल्यावर 'मी अर्ज केला होता' म्हणण्यापेक्षा 'आवक क्रमांक अमुक, तारीख तमुक' म्हटलं की समोरचा रजिस्टर उघडून अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते सांगू शकतो.

त्यांना पसंतीतलं दुसरं केंद्र मिळालं, चारही लेखी पेपरसाठी. प्रॅक्टिकलची जबाबदारी मूळ केंद्रावर असते, तिथलेच शिक्षक, तिथलीच लॅब, तिथूनच मार्क वर जातात, म्हणून ते आम्ही मागितलंच नव्हतं आणि ताईंनी त्या दिवसाची रजा आधीच टाकून ठेवली होती. आमचा अनुभव असा की प्रॅक्टिकलही त्याच अर्जात मागितलं की अख्खा अर्ज अडकतो.

परवानगी मिळाली म्हणजे काय मिळालं ते नीट समजून घ्या. फोनवर 'हो, करून देऊ' ही परवानगी नाही. लेखी पत्र किंवा मेल हवा आणि त्यानंतर हॉल तिकीट परत डाउनलोड करायचं, त्यावर नवीन केंद्राचा कोड आणि पत्ता दिसला पाहिजे, आणि तो प्रत्येक पेपरपुढे दिसला पाहिजे. कधी कधी तीन पेपरचं केंद्र बदलतं आणि बॅकलॉगचा पेपर जुन्याच केंद्रावर राहतो कारण तो वेगळ्या यादीत असतो, म्हणून ओळ न् ओळ वाचा. हॉल तिकीट जुनंच दिसत असेल तर परवानगीचं पत्र जोडून लगेच परत मेल टाका. जुनं हॉल तिकीट घेऊन नवीन शहरातल्या कुठल्याही केंद्रावर जाऊन 'बसू द्या' म्हणण्यात अर्थ नाही, तिथल्या केंद्रप्रमुखांच्या हजेरीपटावर तुमचं नाव नसतं आणि त्यांना ते हाताने वाढवायचा अधिकार सहसा नसतो.

परवानगी नाकारली किंवा परीक्षेच्या आठवड्यापर्यंत उत्तरच आलं नाही तर जुन्या केंद्रावर जायची तयारी ठेवा, तिकीट आधीच काढून ठेवा, नंतर रद्द करता येतं. ते अगदीच शक्य नसेल तर तो पेपर पुढच्या सत्रात देता येतो का आणि कोर्सची कमाल मुदत संपत तर नाही ना, हे नियमावलीत बघून मगच ठरवा.

पेपरच्या दिवशी परवानगीच्या पत्राची प्रिंट जवळ ठेवा आणि हजेरीपटावर सही करताना आपला नंबर छापलेला आहे की खाली हाताने लिहिलाय ते बघा. हाताने लिहिलेला असेल तर हॉल तिकिटावर सुपरवायझरची सही झाली आहे ना याची खात्री करा आणि ते हॉल तिकीट निकाल लागेपर्यंत जपून ठेवा, कारण केंद्र बदललेल्या मुलांच्या निकालात जुन्या केंद्राच्या यादीमुळे 'गैरहजर' लागल्याचं आम्ही बघितलंय. तसं झालं तर सही असलेलं हॉल तिकीट, परवानगीचं पत्र, पेपर कोड आणि तारीख एवढं जोडून निकाल दुरुस्तीचा अर्ज करा, पुनर्मूल्यांकनाचा नाही, त्याची फी वेगळी, मुदत वेगळी आणि त्यात हजेरी तपासलीच जात नाही.

आमच्याकडे अर्ज करून घ्यायचा असेल तर येताना भरलेल्या परीक्षा फॉर्मची प्रिंट, फी पावती, बदलीचा किंवा रुजू झाल्याचा कागद आणि ज्यावर रजिस्टर्ड ईमेल उघडतो तो फोन घेऊन या. पासवर्ड आम्हाला सांगू नका, मेल तुमच्याच हाताने जाईल.