मीटरभर सळईचं वजन काय सांगतं?

ट्रक उतरत असताना कोणीतरी सळईला चुंबक लावून पाहतो. साधं, कमअस्सल किंवा उत्तम, अशा सळईच्या कोणत्याही लोखंडाला चुंबक चिकटतोच, त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही. वजनकाटा मात्र बरंच सांगतो.

आधी ठसे वाचावेत. रोलिंगच्या वेळीच सळईवर उठलेल्या अक्षरांत कंपनीचं नाव, जाडी आणि ग्रेड (उदाहरणार्थ एफई ५००डी) ठरावीक अंतराने दिसतात. बंडलला बांधलेला टॅग बदलता येतो, लोखंडावरचा ठसा बदलता येत नाही. म्हणून प्रत्येक बंडलमधल्या दोन-तीन सळ्यांवरचा ठसा टॅगशी जुळवून पाहावा.

आता वजन. सळईवर उंचवटे असल्याने कॅलिपरने व्यास नीट मोजता येत नाही. पण लोखंडाची घनता ठरलेली आहे, म्हणून एका मीटरचं वजन म्हणजे प्रत्यक्षात सळईच्या छेदाचं क्षेत्रफळच. मिलिमीटरमधल्या व्यासाच्या वर्गाला १६२ने भागलं की किलोमध्ये उत्तर मिळतं. १२ मिमीसाठी ते सुमारे ०.८८८ किलो येतं. आयएस १७८६ या भारतीय मानकाप्रमाणे या जाडीच्या एकट्या तुकड्यात ६ टक्क्यांपर्यंत घट चालते, म्हणजे ०.८३५ किलोपर्यंत.

समजा, तीन बंडलांतून नेमका एकेक मीटर कापला, माती झटकली आणि वजनं ०.८७२, ०.८६८ व ०.८२९ किलो भरली. तिसरं बंडल बाजूला काढावं आणि त्यातून आणखी दोन तुकडे कापून पाहावेत. ‘पैसे वजनावर दिले, मग नुकसान कसलं?’ असं वाटतं. पण कॉलममध्ये सळ्या नगाने मोजून बसतात. छेद ७ टक्के कमी असला, तर तेवढा भार पेलण्याची ताकदही कमीच.

वाकवण्याची चाचणी वेगळा प्रश्न विचारते. टीएमटी सळई लालबुंद असतानाच पाण्याच्या झोतातून जाते. बाहेरची साल क्षणात थंड होऊन अतिशय कडक बनते. गाभा अजून तापलेलाच असतो. त्याची उष्णता बाहेर झिरपते आणि सालीचा ठिसूळपणा काढून टाकते. शेवटी गाभा मऊ आणि साल चिवट राहते. हे गणित बिघडलं, की वाकवताना बाहेरची बाजू सर्वाधिक ताणली जाते आणि साल तिथेच तडकते.

सळई ज्या गोल पिनेभोवती वाकवायची, ती एफई ५००डीच्या २० मिमीपर्यंतच्या सळईसाठी सळईच्या व्यासाच्या तिप्पट जाड घ्यायची, म्हणजे १२ मिमीला ३६ मिमी. सळई न तापवता, झटका न देता, १८० अंशांत सावकाश वाकवायची आणि बाहेरच्या वळणावर आडवी चीर दिसते का ते पाहायचं. पिन बारीक घेतली तर चांगली सळईही तडकते, जाड पाइपवर वाकवली तर वाईटही सुटते.

‘भूकंपरोधक सळई’ ही जाहिरातीची भाषा आहे. भूकंपात टिकते ती नीट आखलेली आणि नीट बांधलेली चौकट. वाकवण्यातूनही ताकद कळत नाही, कारण मऊ, कमी ताकदीची सळई तर ही चाचणी सहज पार करते. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत ताणूनच पाहावा लागतो.