व्हॅनिला अर्कातील अल्कोहोल

व्हॅनिलाच्या खऱ्या अर्कात अल्कोहोल असते, आणि तेही भरपूर. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमानुसार ‘व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट’ हे नाव लावायचे तर त्यात आकारमानाने किमान ३५ टक्के इथाइल अल्कोहोल असावेच लागते. शेंगांचेही किमान प्रमाण ठरलेले आहे, लिटरमागे साधारण १०० ग्रॅम. अल्कोहोल यापेक्षा कमी असेल, तर त्या द्रवाला अर्क न म्हणता ‘व्हॅनिला फ्लेव्हरिंग’ म्हणावे लागते.

अल्कोहोल इथे नशेसाठी नसते, ते द्रावकाचे काम करते. व्हॅनिलाच्या वासातला मुख्य घटक व्हॅनिलिन पाण्यात फार थोडा विरघळतो, अल्कोहोलमध्ये सहज विरघळतो. शेंगेतले इतर काही घटक मात्र पाण्यात उतरतात. म्हणून शेंगा पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणात मुरवतात. शिवाय एवढ्या अल्कोहोलमुळे अर्क वर्षानुवर्षे खराब होत नाही.

आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारी ‘व्हॅनिला इसेन्स’ची छोटी बाटली बहुतेक वेळा वेगळी असते. तिच्यात कृत्रिम व्हॅनिलिन असते आणि ते विरघळवण्यासाठी अनेकदा प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरलेले असते. प्रॉपिलीन ग्लायकॉल रसायनशास्त्राच्या वर्गीकरणात अल्कोहोलच्या कुळातले असले, तरी ते दारूतले अल्कोहोल नव्हे. काही इसेन्समध्ये मात्र इथाइल अल्कोहोलही असते. त्यामुळे नावावरून निष्कर्ष न काढता लेबलवरची घटकांची यादी वाचावी.

केक भाजताना सगळे अल्कोहोल उडून जाते, ही समजूत चुकीची आहे. ती पसरण्याचे कारण समजण्यासारखे आहे: शुद्ध अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळते आणि केकचा गाभा भाजून होईपर्यंत ९५ अंशांच्या पुढे जातो. पण पिठात अल्कोहोल सुटे नसते. ते पाण्यात मिसळलेले असते आणि पाण्याच्या वाफेबरोबर हळूहळू बाहेर पडते. केकमधले सगळे पाणी उडत नाही, म्हणून तर तो ओलसर राहतो. त्या ओलाव्यात थोडे अल्कोहोलही टिकते. वरचा पापुद्रा धरला की आतली वाफ बाहेर पडणे आणखी मंदावते.

किती उरते, याचे अंदाज अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात आहेत. पदार्थात अल्कोहोल मिसळून तो १५ मिनिटे शिजवला किंवा भाजला तर सुमारे ४० टक्के उरते, अर्ध्या तासाने ३५, तासाने २५ आणि अडीच तासांनी ५ टक्के. हे आकडे ढोबळ आहेत. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वाइन, ब्रँडी वगैरे घातलेल्या सहा पाककृती तपासल्या होत्या. त्यांत उरलेले अल्कोहोल ४ पासून ८५ टक्क्यांपर्यंत आढळले. भांड्याचा आकार, उघडा पृष्ठभाग, वेळ आणि उष्णता यांवर बरेच अवलंबून असते.

आता साधा अर्ध्या किलोचा स्पंज केक घेऊ. त्यात एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली अर्क घातला. ३५ टक्क्यांच्या हिशेबाने त्यात १.७५ मिली अल्कोहोल आले. वजनात साधारण १.४ ग्रॅम. केक अर्धा तास भाजला आणि तक्त्याप्रमाणे ३५ टक्के उरले, तर अख्ख्या केकमध्ये सुमारे अर्धा ग्रॅम राहिले. आठ तुकडे केले की प्रत्येकात ०.०६ ग्रॅम. तक्ता पूर्ण चुकला आणि थेंबभरही उडाले नाही असे धरले, तरी एका तुकड्यात ०.१८ ग्रॅमपेक्षा जास्त असूच शकत नाही. भाजण्याने किती उडते यापेक्षा मुळात घातले किती, हे इथे निर्णायक ठरते. तुलनेसाठी, ३३० मिलीच्या ५ टक्के बिअरमध्ये साधारण १३ ग्रॅम अल्कोहोल असते. यीस्टने फुगवलेल्या पावात आणि फळांच्या रसातही नैसर्गिकरीत्या थोडे अल्कोहोल असते. जर्मनीत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत संत्र्याच्या रसात लिटरमागे ०.७३ ग्रॅमपर्यंत आढळले होते.

खरे लक्ष द्यायला हवे ते क्रीमकडे. आयसिंग, फेटलेले क्रीम किंवा न शिजवलेले कस्टर्ड यांना भट्टी लागत नाही. त्यांत घातलेला चमचाभर अर्क जवळपास सगळे अल्कोहोल घेऊन ताटात येतो, त्यामुळे वरच्या क्रीममध्ये खालच्या केकपेक्षा अल्कोहोल जास्त असू शकते. रममध्ये सुकामेवा भिजवलेला किंवा भाजल्यावर रम शिंपडलेला नाताळचा केक हा तर वेगळाच प्रकार. त्याला वरचा हिशेब लावू नये.

धर्माने वर्ज्य असल्यामुळे किंवा व्यसनमुक्तीनंतर अल्कोहोलचा अंशही नको असलेल्यांना ‘अगदी थोडेच उरते’ हे उत्तर पुरत नाही, आणि ते पुरेसे मानावे असा आग्रहही धरू नये. अशा घरी केक न्यायचा असेल तर ग्लिसरीनमध्ये बनवलेले व्हॅनिला, सुकी व्हॅनिला पूड किंवा शेंग चिरून खरवडलेले काळे दाणे वापरता येतात. दाण्यांचा वास उतरावा म्हणून ते आधी कोमट दुधात थोडा वेळ भिजवून ठेवावेत.