दोनदा दाबलं, तरी डॅश का लागत नाही?

माझ्या छोट्या मोबाइल गेममध्ये उजव्या बाणाचं बटण पटकन दोनदा दाबलं की नायक डॅश मारतो, म्हणजे एका झेपेत बरंच अंतर कापतो. गेम नौपाड्यातल्या घरी तयार झाला आणि पहिल्यांदा खेळायला दिला तो दोघांना: 14 वर्षांच्या भाच्याला आणि कोपरखैरण्याच्या आत्याला. तासाभरात दोघांच्या तक्रारी आल्या, त्याही एकमेकींच्या अगदी उलट. भाचा म्हणाला, "मामा, मी कडेवर नीट उभा राहायला जातो आणि हा आपोआप डॅश मारून खड्ड्यात पडतो." आत्या म्हणाली, "अरे, मी दोनदा दाबते, अगदी मोजून दाबते, पण तो नुसता चालतो."

कोड दोघांकडे एकच होता. दोन स्पर्शांमध्ये 300 मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ गेला आणि दुसरा स्पर्श पहिल्यापासून 40 पिक्सेलच्या आत पडला, तर डॅश लागायचा. पहिला विचार कुणाच्याही मनात येईल तोच आला: मुदत बदलू. 400 केली, तर आत्याचा डॅश लागू लागला आणि भाचा दुप्पट वेळा खड्ड्यात गेला. 200 केली, तर भाचा वाचला आणि आत्याचा नायक कायमचा चालत राहिला. मग मुदतीला हात लावणं थांबवलं आणि प्रत्येक स्पर्शाची वेळ लिहून ठेवायला सुरुवात केली: बोट कधी टेकलं, कधी उचललं, कुठे टेकलं.

नोंदीतली पहिली गोष्ट बोटांबद्दल नव्हतीच. आत्याच्या जुन्या फोनवरचे जवळजवळ सगळे आकडे 33च्या पाढ्यात होते: 100, 133, 167, 200. कुठल्याही माणसाचं बोट असं पाढ्यात चालत नाही. तो फोन गेमची 30 चित्रं सेकंदाला काढत होता, म्हणजे एक फ्रेम साधारण 33 मिलिसेकंदांची. माझा कोड स्पर्शाची वेळ म्हणून फ्रेमची वेळ लिहीत होता. त्यामुळे प्रत्येक स्पर्श खऱ्या वेळेपेक्षा 33 मिलिसेकंदांपर्यंत उशिरा नोंदला जायचा आणि दोन स्पर्शांमधलं अंतर तेवढंच इकडे किंवा तिकडे सरकायचं. त्याहून वाईट म्हणजे पडद्यावर एकदम पाच-सहा शत्रू आले की एखादी फ्रेम 120 मिलिसेकंदांपर्यंत अडकायची. दुसरा स्पर्श त्या अडकण्यात सापडला, की खरं 220चं अंतर 300च्या पलीकडे जायचं. म्हणजे डॅशची सगळ्यात जास्त गरज असते, नेमका तेव्हाच तो लागत नव्हता.

याला उपाय आहे आणि तो सोपा आहे. फोनची यंत्रणा प्रत्येक स्पर्शाला स्वतःचा वेळशिक्का देते. अँड्रॉइडवर तो `getEventTime()` मधून मिळतो, ब्राउझरमध्ये `event.timeStamp` मधून. अंतर मोजायचं ते या दोन शिक्क्यांमधलं. गेमला तो स्पर्श कितीही उशिरा दिसला, तरी बोट टेकल्याची वेळ बदलत नाही. डबल टॅपच्या तक्रारी आल्या की आधी हा पाढा शोधावा, असं माझं मत आहे. तो सापडला तर बाकी कुठलाही आकडा बदलण्यात अर्थ नसतो, कारण मोजपट्टीच चुकीची असते.

मोजपट्टी दुरुस्त झाल्यावर बोटं दिसू लागली. डबल टॅपमध्ये खरं तर तीन वेळा असतात: पहिला स्पर्श किती वेळ टिकला, बोट हवेत किती वेळ होतं आणि दुसरा स्पर्श. मी टेकण्यापासून टेकण्यापर्यंत मोजत होतो, म्हणजे पहिल्या दोन वेळांची बेरीज करत होतो. भाच्याचं बोट साधारण 60 मिलिसेकंद टेकायचं. आत्याचा अंगठा 160 टेकायचा. ती बटण दाबते तेव्हा खरंच दाबते, दारावरची बेल दाबावी तसं. तिचं बोट हवेत 200च्या आसपास असायचं, म्हणजे बेरीज 360 आणि डॅश कधीच नाही. भाचा कडेवर सरकताना दोन बारीक पावलं टाकायचा, त्यात 60 टेकण्याचे आणि 210 हवेतले, बेरीज 270. त्याला डॅश नको होता आणि तो लागत होता.

म्हणून उचलण्यापासून पुढच्या टेकण्यापर्यंतचा वेळ मोजू लागलो. आत्यावरचा अन्याय कमी झाला, पण एक नवीच खोड निघाली. भाचा दोन सेकंद बटण धरून पळायचा, अंगठा क्षणभर सुटायचा, तो लगेच पुन्हा टेकवायचा आणि डॅश लागायचा. उचलणं आणि टेकणं यांत फक्त 100 मिलिसेकंद गेलेले, त्यामुळे कोडच्या दृष्टीने हा अव्वल डबल टॅप होता. पहिला स्पर्श दोन सेकंदांचा होता हे तो पाहतच नव्हता. तेव्हा पहिला स्पर्शही आखूडच हवा, ही अट घालावी लागली. मी 250 मिलिसेकंद ठेवले, आत्याच्या 160ला पुरेशी मोकळीक राहील असे.

```
const held = last.up - last.down;
const gap  = now.down - last.up;

if (now.button === last.button &&
    held <= 250 &&
    gap >= 40 && gap <= limit) {
  dash(now.button);
  forgetTaps();
}
```

शेवटची ओळ विसरली तर तिसऱ्या टॅपला दुसरा डॅश लागतो, कारण दुसरा आणि तिसरा टॅप मिळून पुन्हा एक जोडी होते. आणि 40 हा खालचा आकडा पावसाळ्यासाठी आहे. फोनचा पडदा बोटामुळे बदलणारा विद्युत धारकतेचा नकाशा वाचतो. बोट घामट असलं किंवा काचेवर पाण्याचा थेंब असला की तो नकाशा पसरतो, पडद्याला क्षणभर बोट हरवल्यासारखं वाटतं आणि लगेच पुन्हा सापडतं. जुलैत ठाणे स्टेशनच्या फलाटावर उभं राहून खेळलं की हे होतंच. माणसाचं एक बोट सेकंदाला सहा-सात वेळांपेक्षा फारसं जास्त टेकत नाही, म्हणून 40 मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ हवेत राहिलेलं बोट बहुधा उचललेलंच नसतं. अँड्रॉइडच्या आतही `DOUBLE_TAP_MIN_TIME` याच आकड्याचा आहे. असा तुटलेला स्पर्श नुसता नाकारून भागत नाही. दोन्ही तुकडे जोडून एकच लांब स्पर्श धरावा लागतो, नाहीतर दोन सेकंदांच्या पळण्याचा शेवटचा तुकडा आखूड टॅप म्हणून पुढे जातो.

आता जागेचं. 40 पिक्सेल म्हणजे किती, हे पडद्यावर अवलंबून असतं. आत्याच्या फोनवर इंचाला 420 पिक्सेल, म्हणजे ही सूट जेमतेम 2.4 मिलिमीटरची. भाचा खेळत होता त्या टॅबलेटवर इंचाला 160, म्हणजे 6.4 मिलिमीटर. अंगठ्याचं पेर सपाट टेकवणाऱ्या आत्याचा दुसरा स्पर्श बऱ्याचदा 3 ते 5 मिलिमीटर सरकलेला असायचा आणि तेव्हा तो बादच व्हायचा. तिने मोजून दाबूनही डॅश न लागण्याचं हे दुसरं कारण. मोठी सूट द्यावी, तर अँड्रॉइडची स्वतःची 100 dp आहे, म्हणजे जवळजवळ 16 मिलिमीटर. फोटो मोठा करायला ती योग्य आहे, कारण तिथे कुठे टेकलं याने फारसं बिघडत नाही. माझी डावी आणि उजवी बटणं मात्र 11 मिलिमीटरवर होती. तेवढ्या सुटीत 'उजवं मग डावं' हाही डबल टॅप ठरला असता. शेवटी अंतर मोजणंच सोडलं आणि दोन्ही स्पर्श एकाच बटणावर आहेत का, एवढंच विचारलं. बटणाचं न दिसणारं क्षेत्र चित्रापेक्षा थोडं मोठं ठेवलं, पण शेजारच्या बटणाच्या अर्ध्या वाटेपर्यंतच.

इथे एक साहजिक प्रश्न येतो: दुसरा टॅप येतो का, याची वाट पाहून मगच पाऊल का टाकू नये? मोबाइल ब्राउझर पूर्वी तसंच करायचे. डबल टॅपने पान मोठं करायचं असल्यामुळे साध्या टॅपलाही सुमारे 300 मिलिसेकंद उशीर व्हायचा आणि वेबसाइट जड वाटायची. पळण्याच्या खेळात तेवढा उशीर चालणारच नाही. पहिल्या टॅपला पाऊल लगेच पडायला हवं आणि दुसऱ्याने त्याच पावलाची झेप व्हायला हवी.

एवढं सगळं करूनही एक गाठ उरली होती. आत्या डॅश मारते तेव्हा तिचं बोट हवेत 170 ते 240 मिलिसेकंद असतं. भाचा सरकतो तेव्हा त्याचं 210च्या पुढे. म्हणजे 230 मिलिसेकंद हा आकडा एकाच्या हातात 'सरक' असा अर्थ सांगतो आणि दुसरीच्या हातात 'झेप घे' असा. दोघांची नोंद एका कागदावर मांडली की दोन ढीग एकमेकांत मिसळतात आणि कुठेही रेघ मारली तरी कुणावर तरी अन्याय होतो. पण कागद वेगळे केले तेव्हा ढीगही वेगळे झाले. भाच्याचे डॅश 80 ते 130मध्ये संपतात आणि सरकणं 210ला सुरू होतं. आत्याचे डॅश 240ला संपतात आणि तिचं सरकणं 450च्या पलीकडे असतं, कारण ती प्रत्येक पावलानंतर बघते. प्रत्येक हातात मधे मोकळी जागा होती, फक्त ती वेगवेगळ्या ठिकाणी होती.

म्हणून कोडमधल्या `limit` ला आता ठरावीक आकडा नाही. सुरुवातीच्या शिकवणीत पाच डॅश मारायला सांगतो, त्यातलं सगळ्यात मंद अंतर घेतो आणि त्याला सव्वापट करतो. भाच्याचे 130 होतात 160च्या थोडे वर, आत्याचे 240 होतात 300. ही मुदत 150च्या खाली आणि 350च्या वर जाऊ देत नाही, कारण पाच टॅपमध्ये एखादा फसलेला असू शकतो.

मग ट्रान्सहार्बरच्या गाडीत, ऐरोली आणि रबाळेच्या दरम्यान, आत्याने तोच फोन घेऊन खेळून पाहिलं. हलत्या डब्यात एका हाताने दांडा धरलेला, म्हणून तिचे टॅप 300च्या पुढे जाऊ लागले. न लागलेला डॅश गेमला थेट कळत नाही, पण माणसाच्या पुढच्या हालचालीवरून तो ओळखता येतो. मुदतीच्या जरा पलीकडे दोन टॅप पडले आणि सेकंदाच्या आत त्याच बटणावर पुन्हा दोन घाईचे टॅप आले, तर पहिली जोडी हुकलेला डॅश होता. उलट, डॅश लागल्याबरोबर विरुद्ध बटण दाबलं गेलं, तर तो नको असलेला होता. पहिल्या खुणेला मुदत 10 मिलिसेकंदांनी वाढवतो, दुसरीला तेवढीच कमी करतो. कोपरखैरणे येईपर्यंत आत्याची मुदत 330वर गेली होती, आणि दोन दिवसांनी घरी सोफ्यावर खेळताना ती 310ला परत आली.