कुनोत मागे राहिलेली गुरं

मध्य प्रदेशातल्या श्योपूर जिल्ह्यात कुनो राष्ट्रीय उद्यान आहे, तेव्हाचं अभयारण्य. 1998 ते 2003 या काळात तिथली 24 गावं उठवली गेली. सुमारे दीड हजार कुटुंबं, आणि त्यांत बहुतेक सहरिया आदिवासी. सालईचा डिंक काढणं, थोडी शेती आणि गुरं यांवर त्यांचं पोट होतं. जंगलाबाहेर त्यांना पर्यायी जमीन मिळाली, पण सगळी गुरं काही तिकडे नेता आली नाहीत. बरीच मागेच सोडावी लागली. गोठा नाही, दावं नाही, संध्याकाळी हाक मारणारं कुणी नाही, अशी ती गुरं हळूहळू रानटी झाली.

हे सगळं सिंहांसाठी चाललं होतं. गीरमधले काही सिंह कुनोत आणायचे होते, आणि त्यांना पुरेसं भक्ष्य आहे का याचा हिशेब मांडताना चितळ-सांबरांबरोबर ही मोकाट गुरंही धरली गेली.

पर्यावरणाच्या नीतिशास्त्रातले तीन दृष्टिकोन समजून घ्यायला मला या गुरांइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. मानवकेंद्री नजरेनं पाहिलं तर ती गाय सहरिया घरातलं दूध आणि शेण आहे, अडीअडचणीला विकता येणारी पुंजी आहे. तिचं मोल माणसाला होणाऱ्या उपयोगातून येतं. जीवकेंद्री नजरेला ती एक जीव दिसते. तिला भूक लागते, भीती वाटते, तिला जगायचं असतं, आणि एवढ्यावरूनच तिच्याबाबत आपलं काही कर्तव्य ठरतं. परिसंस्थाकेंद्री नजर विचारते की हे जनावर या जंगलाच्या घडीत कुठे बसतं: ते चितळांचा चारा खातं का, रोग आणतं का, की सिंहाची सोय करतं? इथे एकेका जनावरापेक्षा समूहाला महत्त्व आहे. गाय तीच, मात्र मोजायचं एकक बदलतं.

या नजरा वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या वाटांनी आल्या. प्राण्यांशी क्रूरपणे वागू नये असं अठराव्या शतकात जर्मन तत्त्वज्ञ कांटही सांगत होता. त्याचं कारण मात्र असं होतं की जनावराला छळणाऱ्याचं मन निबर होतं आणि उद्या तो माणसांशीही तसाच वागतो. म्हणजे कर्तव्य कुत्र्याबद्दल असतं, कुत्र्याप्रती नसतं. हीच मानवकेंद्री भूमिका 1992 च्या रिओ जाहीरनाम्याच्या पहिल्याच तत्त्वात आहे. शाश्वत विकासाच्या चिंतेच्या केंद्रस्थानी माणूस आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. भारतात संविधानाच्या कलम 21 मधल्या जीविताच्या हक्कातून स्वच्छ हवा-पाण्याचा हक्क काढला गेला, तोही याच वाटेनं. नदी स्वच्छ हवी, कारण ते पाणी माणूस पितो.

जीवकेंद्री विचाराला पहिला ठाम शब्द दिला तो आल्बर्ट श्वाइट्झरनं. 1915 मध्ये आफ्रिकेतल्या ओगोवे नदीतून बोटीनं जाताना, पाणघोड्यांच्या कळपाजवळ, ‘जीवनाविषयी आदर’ हे शब्द त्याला सुचले. तो डॉक्टर होता. जगायचं तर जीव मारावे लागतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याचं मागणं एवढंच होतं की प्रत्येक वेळी ते जाणून, गरज तपासून करावं. 1980 च्या दशकात पॉल टेलर या अमेरिकी तत्त्वज्ञानं त्याला नीट मांडणी दिली. प्रत्येक सजीव आपापल्या परीनं स्वतःचं भलं साधत असतो, म्हणून प्रत्येकाला स्वतःचं मोल आहे. झाडालाही, किड्यालाही.

परिसंस्थाकेंद्री विचाराचा उगम अगदीच वेगळा आहे. आल्डो लिओपोल्ड हा अमेरिकी वनाधिकारी तरुणपणी लांडगे दिसले की गोळी घालायचा. लांडगे कमी झाले की हरणं वाढतील, असं तेव्हाचं साधं गणित होतं. गोळी लागलेल्या एका लांडगीच्या डोळ्यांतला हिरवा जाळ विझताना त्याने पाहिला. पुढे लांडगे संपलेल्या डोंगरांवर हरणांनी झुडपं बुडख्यापर्यंत खाल्लेली पाहिली, आणि मग ती हरणंही उपासानं मेली. त्यातून त्याने 1949 साली प्रसिद्ध झालेला निकष काढला: जीवसमूहाची अखंडता, स्थैर्य आणि सौंदर्य टिकवणारी कृती योग्य. एक गोष्ट अनेकदा सांगायची राहून जाते. लिओपोल्ड आयुष्यभर शिकारी होता आणि त्याच्या तत्त्वात ते बसतही होतं. समूह नीट असेल तर एक हरीण मारणं हा अपराध नाही.

जीवकेंद्री माणूस नेमका इथेच थांबतो. समूहाच्या भल्यासाठी व्यक्तीचा बळी देणाऱ्या या विचाराला प्राणिहक्कांचे पुरस्कर्ते टॉम रेगन यांनी 1983 मध्ये ‘पर्यावरणीय फॅसिझम’ म्हटलं. शब्द जहाल आहे, पण दुखरी जागा त्यांनी बरोबर दाखवली. ‘निसर्गाची बाजू घेणारे’ म्हणून जीवकेंद्री आणि परिसंस्थाकेंद्री या दोघांना एकाच रांगेत बसवलं, तर हा वाद दिसतच नाही.

भारतीय न्यायालयात हे शब्द आले ते जवळजवळ एकाच न्यायमूर्तींच्या लेखणीतून. सर्वोच्च न्यायालयातल्या न्या. के. एस. राधाकृष्णन यांच्या खंडपीठांनी 2012 मध्ये छत्तीसगडमधल्या रानम्हशींबद्दल, 2013 मध्ये सिंहांबद्दल आणि 2014 मध्ये बैलांबद्दल निकाल दिले. तिन्हींत मानवकेंद्री विचार सोडून परिसंस्थाकेंद्री व्हा, असा सूर आहे. सिंहांचा निकाल त्यांतला सर्वांत गाजलेला.

पार्श्वभूमी अशी की जगातले सगळे रानटी आशियाई सिंह एकट्या गीरच्या परिसरात आहेत. अख्खी जात एकाच टोपलीत असली की एका साथीनं ती जाऊ शकते. 1994 मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूनं सुमारे एक तृतीयांश सिंह मारले होते. त्याच सुमारास भारतीय वन्यजीव संस्थेनं दुसऱ्या घरासाठी जागा पाहिल्या आणि कुनो निवडलं. गावं उठली, पण गुजरातनं सिंह दिले नाहीत. सिंह आम्हाला घरच्यासारखे आहेत, इथे ते सुरक्षित आहेत, कुनोत वाघ येतात, भक्ष्य अपुरं आहे, असं राज्याचं म्हणणं होतं. 15 एप्रिल 2013 रोजी न्यायालयानं सांगितलं की रानातल्या प्राण्यावर कोणत्याही राज्याची मालकी नसते. त्या जातीचं हित कशात आहे, हाच निकष. सिंह सहा महिन्यांत हलवा.

निकालात शब्द ‘परिसंस्थाकेंद्री’ असला तरी निकष एका जातीच्या हिताचा आहे, आणि माझ्या मते हा फरक मोठा आहे. खऱ्या परिसंस्थाकेंद्री विचारानं आधी कुनोकडे पाहिलं असतं: या गवताळ रानाला काय हवंय, इथला बिबट्या, चितळ, मोकाट गुरं यांचं काय होईल? जीवकेंद्री विचारानं बेशुद्ध करून पिंजऱ्यातून शेकडो किलोमीटर नेल्या जाणाऱ्या एकेका सिंहाचा विचार केला असता. जात म्हणजे समूहही नव्हे आणि जीवही नव्हे. जातीला भूक लागत नाही, ती फक्त असते किंवा नसते.

मग सहरियांचं काय? 1989 मध्ये रामचंद्र गुहा यांनी याच मुद्द्यावर अमेरिकी पर्यावरणवादाला धारेवर धरलं होतं. मानवकेंद्री की निसर्गकेंद्री या वादात भारतातल्या जंगलाचे खरे प्रश्न दिसत नाहीत, आणि अभयारण्यांचा भार गरिबांवर पडतो, असं त्यांचं म्हणणं. कुनोत ते अक्षरशः खरं ठरलं. ‘माणूस केंद्रस्थानी नको’ म्हणताना कुठला माणूस बाजूला सारला जातो ते तपासावं लागतं. सिंह न देणारं राज्य आणि गुरं सोडून निघालेला सहरिया यांना ‘माणूस’ या एकाच शब्दात कोंबता येत नाही.

तिसरा निकाल महाराष्ट्राच्या ओळखीचा. 7 मे 2014 रोजी जल्लीकट्टूबरोबर आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीही बंद झाल्या. इथेही परिसंस्थाकेंद्री हा शब्द वापरला गेला, पण युक्तिवाद पाहिला तर तो पूर्णपणे एकेका बैलाचा आहे. बैलाचं शरीर घोड्यासारखं धावण्यासाठी घडलेलं नाही. तो पळतो तो शेपटी पिरगाळल्यामुळे, पराणीची आर टोचल्यामुळे, भीतीनं. कलम 21 मधलं ‘जीवित’ प्राण्यांपर्यंत नेण्याचा प्रयत्न याच निकालात झाला. परिसंस्थेला मात्र शर्यतीतल्या बैलानं काहीच फरक पडत नाही, तो पाळीव आहे. हा जीवकेंद्री निकाल आहे, वरचं लेबल चुकीचं आहे.

लेबल चुकलं की उत्तरही चुकीच्या जागी शोधलं जातं. शर्यतींच्या बाजूनं देशी खिलार टिकवण्याचा मुद्दा मांडला गेला, म्हणजे वंशाच्या, समूहाच्या हिताचा. प्रश्न एका बैलाच्या वेदनेचा आणि उत्तर अख्ख्या जातकुळीचं, त्यामुळे दोन्ही बाजू एकमेकींना भेटतच नाहीत. पुढे 2017 मध्ये राज्यांनी कायदे बदलले आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं ते वैध ठरवले. प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचं मान्य करणारा आधार आपल्याला आढळत नाही, असं त्या पीठानं म्हटलं.

सिंहांच्या निकालाची सहा महिन्यांची मुदत ऑक्टोबर 2013 मध्ये संपली, तरी सिंह हलले नाहीत. सप्टेंबर 2018 मध्ये गीरच्या दलखाणिया भागात सिंह मरू लागले आणि मेलेल्यांची संख्या 23 वर गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत नमुने तपासले तेव्हा निदान आलं कॅनाइन डिस्टेंपरचं. अमेरिकेहून लशीचे 300 डोस मागवले गेले. एकेका सिंहाला पकडून टोचणं हा जीवकेंद्री उपाय, दुसरं घर हा जातीसाठीचा उपाय. घाईत पहिलाच शक्य होता, आणि त्या वेळी तो करायलाच हवा होता.

कुनोत अखेर आले ते चित्ते. आफ्रिकी चित्ते आणण्याचा निर्णय 2013 च्या त्याच निकालात रद्द झाला होता. जानेवारी 2020 मध्ये न्यायालयानं प्रयोग म्हणून त्याला परवानगी दिली, आणि 17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियाहून आठ चित्ते उतरले. 2025 च्या गणनेत गुजरातेत 891 सिंह मोजले गेले, त्यांतले बरेच आता गीरच्या जंगलाबाहेर, शेतांतून आणि गावांच्या कडेनं राहतात. सिंहांसाठी म्हणून उठवलेल्या 24 गावांच्या जागेवर आज गवत आहे.