रेकॉर्डिंगसाठी स्क्रिप्ट देताना आकडे अक्षरात लिहून द्या

नमस्कार मंडळी. रिक्षावरच्या जाहिरातीसाठी तुम्ही जो मजकूर पाठवता तो बहुतेकदा छापलेल्या पत्रकातलाच असतो, म्हणजे "दि. १५/११ रोजी सायं. ५.४५ वा., साड्या रु. १,२५०/- पासून". कागदावर हे बरोबरच आहे, पण माईकसमोर बसलेला माणूस त्या १,२५० ला एक हजार दोनशे पन्नास म्हणेल, बाराशे पन्नास म्हणेल, साडेबाराशे म्हणेल नाहीतर सव्वा हजार, आणि चारही बरोबर, मग कोणतं घ्यायचं?

गिऱ्हाईकानं काउंटरवर भाव विचारला की तुमच्या तोंडून जे निघतं, तेच लिहा. २,५०० ला लासलगावच्या कांदा मार्केटात पंचवीसशे म्हणतील, फर्निचरवाला अडीच हजार म्हणेल, ज्याचं त्याला माहीत. वरची ओळ आम्ही अशी करू: "येत्या शनिवारी, पंधरा नोव्हेंबरला, संध्याकाळी पावणेसहा वाजता, साड्या फक्त बाराशे पन्नास रुपयांपासून". महिन्याचं नाव घ्यायचंच, कारण 'पंधरा अकरा' रस्त्यावरून जाणाऱ्याला कळत नाही, आणि वार सांगितला की तारीख लक्षात राहते.

आता जिथे खरंच घोळ होतो ते. मागे एका दुकानाचा भाव होता २७५, आम्ही 'पावणेतीनशे' रेकॉर्ड केलं, ऐकायला छान वाटत होतं. रिक्षा रविवार कारंजावर गर्दीत गेली आणि हॉर्नच्या आवाजात 'पावणे' गेलं, लोकांना फक्त 'तीनशे' ऐकू आलं, दुकानात येऊन तीनशेवाला माल कुठला म्हणून विचारायला लागले. चूक आमचीच होती. सव्वा, साडे, पावणे हे शब्द आकड्याच्या आधी येतात आणि पटकन बोलले जातात, त्यामुळे गोंगाटात पहिले तेच हरवतात. तेव्हापासून रिक्षासाठी किंमत असेल तर 'दोनशे पंच्याहत्तर' असंच घेतो. दीडशे, अडीचशेला ही भीती नाही, तो एकच शब्द आहे, अर्धा हरवून दुसरा आकडा होत नाही. वेळेला मात्र पावणेसहाच ठेवतो, पाच पंचेचाळीस कोणी म्हणत नाही, फक्त ती ओळ दोनदा घेतो. दुकानाच्या आत वाजणाऱ्या रेकॉर्डिंगला साडेबाराशे, पावणेतीनशे बिनधास्त चालतं.

१,२९९ असेल तर 'बाराशे नव्व्याण्णव' पूर्ण लिहा, वाचणाऱ्यानं तेराशे करून टाकलं तर गिऱ्हाईक तुमच्याशी भांडेल. आणि एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी असे भाव असतील तर आकडा आणि अक्षर दोन्ही द्या, घाईत वाचताना ५९ चा ६९ होतो आणि ऐकून तपासणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.

मोबाईल नंबर तेवढा आकड्यातच पाठवा, पाच-पाचचे दोन तुकडे करून, म्हणजे मधे श्वास कुठे घ्यायचा ते कळतं. नाशकात नंबर सगळे इंग्रजीतच सांगतात, नाईन, एट असं, आम्हीही तसंच वाचतो.