डोकेदुखीची गोळी मागण्याआधी: सांगलीतल्या आमच्या औषध दुकानाकडून ग्राहकांसाठी

“डोकं दुखतंय, एखादी चांगली गोळी द्या,” असं म्हणत काउंटरवर रोज कुणी ना कुणी येतं. गोळी देण्याआधी आम्ही दोन-चार प्रश्न विचारतो. ते का विचारतो, हे सांगण्यासाठी हे पत्रक. घरात सगळ्यांच्या नजरेला पडेल असं ठेवा.

गोळीच्या नादी न लागता थेट हॉस्पिटल गाठा

डोकं एकाएकी, मिनिटाभरात असह्य दुखू लागलं. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला. ताप आहे आणि मान पुढे वाकत नाही. भोवळ, फिट किंवा असंबद्ध बोलणं सुरू झालं. गाडीवरून पडल्यावर दुखणं आणि उलट्या वाढत चालल्या. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर जोराने डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली. किंवा डोळा लाल होऊन दुखतोय आणि दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतायत. यातलं एक जरी असलं तरी 108 ला फोन करा. “सकाळपर्यंत बघू” म्हणू नका. वाटेत ॲस्पिरिनही देऊ नका. आत रक्तस्राव असेल तर तो त्याने वाढू शकतो.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली किंवा आठवड्यागणिक वाढत जाणारी डोकेदुखीही डॉक्टरांना लवकर दाखवा. आणि गॅस गीझर चालू असताना घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकदमच दुखू लागलं तर तो विषारी वायू असू शकतो. सगळ्यांनी आधी मोकळ्या हवेत या आणि मग 108 ला फोन करा.

जिना चढवतो का?

यातलं काहीच नसेल तर आमचा पहिला प्रश्न असतो, “दुखत असताना जिना चढवतो का?” ताणाच्या डोकेदुखीत दोन्ही बाजूंनी कपाळाला पट्टा आवळल्यासारखं वाटतं, मान-खांदे भरून येतात, पण माणूस जिना चढतो आणि कामही उरकतो. उलटी होत नाही. अर्धशिशीत, म्हणजे मायग्रेनमध्ये, बहुधा एका बाजूला ठणकतं, हालचालीने वाढतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो, मळमळतं. उपचार केला नाही तर 4 तासांपासून 72 तासांपर्यंत चालतं. दोन्ही बाजूंनी दुखलं तरी मायग्रेन असू शकतं, म्हणून नुसत्या बाजूवर जाऊ नका.

आमचे एक ग्राहक मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब बघतात. “पित्ताने डोकं चढतं” म्हणून ते आमच्याकडून पित्ताच्या गोळ्या न्यायचे. उलटी झाली की बरं वाटतं, म्हणून घशात बोटं घालायचे. नीट विचारलं तेव्हा कळलं, की ठणका उजव्या कानशिलात असतो, हंगामात जेवण चुकलं की तो हमखास उठतो, हळदीचा वास तेव्हा सहन होत नाही आणि पेढीचा जिना तर चढवतच नाही. डॉक्टरांनी मायग्रेनच सांगितलं. मळमळ ही मायग्रेनचाच भाग असते. उलटीनंतर बरं वाटलं म्हणून दुखण्याचं मूळ पोटात असतं असं नाही. तेव्हा मुद्दाम उलटी काढू नका, त्याने अंगातलं पाणी मात्र जातं.

घरी काय करायचं

ताणाच्या दुखण्यात मानेला आणि खांद्यांना कोमट शेक द्या, खांदे हळूहळू फिरवा आणि मोबाइल, हिशेबाची वही थोडा वेळ बाजूला ठेवा. मायग्रेनमध्ये अंधाऱ्या, शांत खोलीत पडून कपाळावर गार पाण्याची घडी ठेवा, घोट घोट पाणी प्या आणि जमलं तर झोपा. जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा मोडू देऊ नका. उपासाच्या दिवशी तर जास्तच जपा.

मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल 650 ची एक गोळी चालते. दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवा. सर्दी-तापाच्या गोळीतही बहुतेकदा पॅरासिटामॉल असतं, तेव्हा दोन्ही एकत्र घेऊ नका. मायग्रेन असेल तर दुखणं सुरू होताच गोळी घ्या, कारण ठणका वाढल्यावर तिचा गुण कमी येतो. लिव्हरचा त्रास असेल किंवा रोज दारू घेत असाल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या अल्सर, किडनीचा त्रास, गरोदरपण किंवा डेंग्यूची शंका असताना नकोत.

एका गोष्टीवर आम्ही अडून बसतो. आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस वेदनाशामक लागत असेल तर पुढची पट्टी देण्याआधी आम्ही डॉक्टरांकडे जायला सांगतो. महिन्यात 15 दिवस साध्या किंवा 10 दिवस दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या जोड-गोळ्या असं काही महिने चाललं, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं रोज दुखू लागतं. मग माणूस आणखी गोळ्या घेतो आणि त्यातून सुटणं अवघड होतं.

डॉक्टरांकडे जाताना भिंतीवरचं कॅलेंडर सोबत न्या. कोणत्या तारखेला दुखलं, किती तास, उलटी झाली का, जेवण चुकलं होतं का, गोळी कोणती घेतली, एवढं त्याच्यावर लिहिलेलं असलं की डॉक्टरांचं निदान सोपं होतं. बायकांनी पाळीची तारीखही लिहावी. दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा येत असतील आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्या गोळ्या बदलाव्या लागू शकतात.